मदत हवी आहे: कोजागिरीला ठार बहिरे पाहुणे आणि व्हीलचेअरवाले येणार आहेत, बैठक कशी मांडू?

राजारामपुरीकर_मीना
नमस्कार. आमच्या गल्लीची कोजागिरी यंदा माझ्या गळ्यात पडलीय. जागा म्हणजे हॉलसमोरचं पटांगण, वेळ सात ते साडेनऊ, माणसं साधारण १२०. त्यात ९ जण कर्णबधिर, ३ व्हीलचेअरवर. खुणांची भाषा येणारी एक बाई मिळालीय. डेकोरेटर दीड फुटाचं स्टेज आणि त्याला सहा फुटी फळी देतो म्हणतोय. पुढे गादी-बैठक, मागे खुर्च्या. व्हीलचेअर मागच्या कडेला लावू का? दूध आटवायचं आहे आणि मिसळ. काही चुकतंय का?

पापाची_तिकटी
ताई, फळी बास की. दोन गडी उभे करा, ढकलतील. आमच्या लग्नात आज्जीला तसंच चढवलं. आणि एक दुभाषी पुरे, अडीच तास तर आहे.

हातांची_बोली
तिकटी, दोन्ही ठिकाणी घोटाळा आहे. माझे आईवडील दोघंही ऐकू न येणारे, म्हणून सांगते.

फळीचं आधी. एक इंच उंचीला बारा इंच लांबी धरतात. दीड फूट म्हणजे अठरा इंच, त्याला अठरा फूट उतार लागतो. सहा फुटांत तो तिप्पट उभा होतो. ढकलणारा पाय रोवतो, खुर्चीतला माणूस मागे कलंडतो. मीनाताई, स्टेजच काढा. पाहुणे आणि गाणारे जमिनीवरच बसू देत. उताराचा खर्च वाचला.

दुभाष्याचं असं, की वीस मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही दमतात. मग वाक्यं गळायला लागतात आणि बघणाऱ्याला ते कळतही नाही, तो बिचारा मान हलवतो. अडीच तासांना दोन माणसं हवीत, आलटून पालटून. निवेदनाचा कागद आणि गाण्यांचे शब्द त्यांना दोन दिवस आधी द्या.

राजारामपुरीकर_मीना
दुसरी बाई बघते. पण कोजागिरीला आम्ही दिवे घालवतो हो! चंद्र दुधात दिसावा म्हणून.

हातांची_बोली
तिथंच गाडी अडते. दिवा गेला की त्या नऊ जणांचा आवाज बंद झाला. बाकीचे घालवा, पण दुभाष्यावर एक पांढरा दिवा समोरून, जरा कडेनं राहू द्या. मागून नको, चेहरा काळा पडतो. रंगीत एलईडी तर नकोच. पाठीमागं साधं गडद कापड लावा, फुलांचा फ्लेक्स नाही, त्यात हात हरवतात. नऊ जणांना दुभाष्याच्या बाजूला, पहिल्या-दुसऱ्या रांगेत खुर्च्या. पुढं गादीवर कोणी उठून उभं राहिलं की संपलं, म्हणून तो पट्टा मोकळा.

आणि व्हीलचेअर मागे नकोत. रांगेच्या मध्येच खुर्च्या काढून प्रत्येकी तीन बाय चार फूट सोडा, शेजारी त्यांच्या घरच्यांची खुर्ची. सतरंजी ताणून चिकटपट्टी लावा, सुरकुतीत चाकं अडकतात.

रंकाळ्याची_हवा
माझ्या आजोबांना ऐकू येत नाही, वय ८१. त्यांनाही पुढं बसवू का दुभाष्याजवळ? क्लास कुठं मिळेल खुणांचा?

हातांची_बोली
आजोबांना उतारवयात बहिरेपणा आलाय ना? मग खुणा त्यांना कशा कळणार? त्यांच्यासाठी कार्यक्रमपत्रिका मोठ्या अक्षरांत छापा आणि स्पीकरपासून लांब, बोलणाऱ्याच्या तोंडासमोर बसवा. त्या नऊंनाही विचारा, ताई. ओठ वाचून शिकलेल्यांना खुणा येतीलच असं नाही.

मिसळ_उपवासी
पाट्यांचं कुणी बोललंच नाही. आमच्या मंडळाच्या फ्लेक्सवर चौदा चेहरे आणि कोपऱ्यात 'स्वच्छतागृह', दिसतच नव्हतं. पिवळ्यावर काळी जाड अक्षरं, बाण, प्रत्येक वळणाला एक, चेहरे शून्य. आधी संडासाचा दरवाजा मोजा मात्र. खुर्ची आत जात नसेल तर पाटी काय कामाची.

दूध: साखरेशिवाय एक पातेलं, बदाम-पिस्त्याशिवाय एक. डाव वेगळा ठेवा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत सगळं एक होतं. मिसळीचा कट वेगळा वाढा. वाढायचं टेबल अडीच फुटांपेक्षा उंच नको. खुर्चीतून पातेल्यात बघता आलं पाहिजे.

राजारामपुरीकर_मीना
दरवाजा मोजून आले. २४ इंच! तिघांतल्या एकांची खुर्ची २६ इंच आहे, फोनवर विचारलं. शेजारच्या घरातलं तळमजल्यावरचं वापरू देतील का, बघते. स्टेज रद्द केलंय, डेकोरेटर फुगलाय.

एक राहिलं: भावगीतं खुणांत कशी करतात? की तेवढा वेळ दुभाष्यानं बसावं?

हातांची_बोली
बसू नये. पण शब्दशः करावं की भाव दाखवावा, यावर माझ्या आईवडिलांचंच एकमत नाही. आईला आवडतं, बाबा तेवढ्यात दूध आणायला उठतात. तुमच्या नऊंनाच विचारा.

पापाची_तिकटी
बरं, गडी नकोत तर. पण सतरंजी ताणायला येतो मी. कुठली गल्ली?