मदत हवी आहे: बेकरीच्या काचेवरचं विनाइल आतून लावू की बाहेरून?

साताऱ्यात काकांच्या बेकरीच्या काचेसाठी कटिंग विनाइलचं डिझाइन करतोय. दिवसा काचेमागे अंधार दिसतो, म्हणून अक्षरं पांढरी ठेवली. 'सकाळी ७ ते रात्री ९, सोमवारी बंद' ही ओळ डोळ्यांच्या उंचीवर आहे. अक्षरं २ सेंमीची केली तर 'बंद'वरचा अनुस्वार जेमतेम ३ मिमीचा होतो आणि फालतू विनाइल सोलताना तोच निघून येतो. ४ सेंमी पुरेल का, की जाड फॉन्टच घ्यावा?

काच रोज पुसली जाते, म्हणून आतून उलटं कापून लावायचा विचार आहे. यूपीआयचा क्यूआर मात्र पांढऱ्या चौकटीवर काळा छापून बाहेरून लावणार. दुपारी काचेवर ऊन चमकतं, तेव्हा तो स्कॅन होईल ना? कुणी असं केलंय का?