नळदुर्ग सहलीचा माणशी खर्च

"४० मुलं, नळदुर्ग एक दिवस, माणशी किती घ्यायचे?"

सर, बसचं भाडं ४० नं भागू नका, आदल्या रात्री कुणाला ताप येतो, कुणाच्या घरी लग्न निघतं, म्हणून ३६ धरा. समजा बस टोल आणि ड्रायव्हरच्या भत्त्यासकट १४,०००, सोबतच्या ५ मोठ्यांचं जेवण ६००, प्रथमोपचार पेटी न् गळ्यातली ओळखपत्रं ४००, म्हणजे १५,००० ठरलेलेच, मुलं कमी आली तरी ते कमी होत नाहीत. मुलाचा नाश्ता-जेवण १२०. ४० नं भागलं तर ४९५ येतात, पण ३६च आली की १,५०० कमी पडतात आणि ते शिक्षकांच्याच खिशातनं जातात, हे मला अजिबात पटत नाही. ३६ नं भागून ५३७, वर राखीव २८, असे ५६५ घ्या. सगळी आली तर राखीव धरून २,८०० उरतात, ते माणशी ७० परत द्या, पालकांना आधीच लिहून कळवा.

मोठी माणसं मात्र कमी करू नका हो, पाणी महालाच्या बंधाऱ्यावर बोरी नदीचं पाणी असतं तेव्हा दगड निसरडे होतात, तिथं दोघं नुसती कडेला उभी पाहिजेत, आणि एक मॅडम हव्यातच.