हरवलेले सूत्र: तेच उत्तर मागावे की त्याच अटी?

खजिनदार: सोसायटीच्या पाणीबिलाचे एक्सेल सूत्र मी एआय चॅटकडून घेतले होते. फाइल खराब झाली आणि चॅटही पुसली गेली. तोच प्रश्न चार वेळा विचारला, पण दर वेळी सूत्र वेगळेच येते. मूळ सूत्र कसे मिळेल?

निशाचर: शब्दनिवडीतला चढउतार ठरवणारे टेम्परेचर शून्य आणि त्या निवडीचा सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, तोच ठेवला, की उत्तर अक्षरशः तेच येते.

आकडेमोड: शून्यावर चढउतार कमी होतो, एवढे खरे, पण सर्व्हरवर आपली विनंती इतरांच्या विनंत्यांबरोबर एकत्र चालवली जाते, बेरजांचा क्रम बदलतो आणि दशांशातल्या बारीक फरकानेही एखादा शब्द पालटू शकतो. शिवाय मूळ उत्तर ज्या संभाषणातून आले, तेच आता हाताशी नाही. म्हणून मजकुराचा नाद सोडून तेव्हाच्या अटी लिहून काढाव्यात: युनिट कोणत्या रकान्यात आहेत, दर काय, जुन्या एक्सेलमध्ये चालायला हवे का. आलेले सूत्र छापील जुन्या बिलांवर तपासावे.

खजिनदार: तसे केले. पहिल्या 15 युनिटांना 12 रुपये, पुढे 20, हे सांगितल्यावर 22 युनिटांचे 320 रुपये जुळले. मात्र 6 युनिटांच्या घराचे 72 आले आणि जुन्या बिलावर 100 आहेत.

आकडेमोड: म्हणजे किमान आकाराची अट सांगायची राहिली. ती घालून पुन्हा विचारल्यास साधारण असे काही यावे:

```
=MAX(100,MIN(B2,15)*12+MAX(B2-15,0)*20)
```

याऐवजी `IF` वापरलेले सूत्र आले तरी बिघडत नाही. 0, 8, 9, 15 आणि 16 युनिटांवर अनुक्रमे 100, 100, 108, 180 आणि 200 आले पाहिजेत, कारण चूक झालीच तर ती बहुधा अशा सीमेवरच सापडते.

सांजवात: माझे गेले ते आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचे मनोगत. शब्दमर्यादा, प्रसंग, नावे सगळे पुन्हा सांगितले. मजकूर बरा आला, पण आई ज्या वाक्याला हसली होती ते काही आले नाही.

आकडेमोड: ते वाक्य आपल्याला आठवत असेल, तर तेच अट म्हणून द्यावे. आठवत नसेल, तर माझी पद्धत तिथे लंगडी पडते; सूत्राला बिलाची कसोटी असते, हसण्याला नाही.

निशाचर: सीडचा माझा आग्रह मागे घेतो, परंतु हे जुने सूत्र परत मिळणे नव्हे. 17.5 युनिटांना जुने सूत्र अर्धे युनिट सोडून देत होते की 230 रुपये लावत होते?

खजिनदार: तसे बिल माझ्याकडच्या गठ्ठ्यात नाही. आमचे मीटर दशांश दाखवतात, पण वॉचमन वहीत पूर्णांकच लिहितो. माजी सचिवांकडे जुन्या वह्या आहेत. रविवारी जाऊन पाहतो.