सलग गेमिंगसाठी पॉवर बँक: क्षमता, वॉट आणि नागपूरचा मे महिना (अनुभव लिहावेत)

धंतोलीकर

नवतपा लागायला जेमतेम आठवडा उरला आहे आणि कूलर चालू असूनही माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या भिंती रात्री नऊला हात लावू देत नाहीत. याच खोलीत मी आणि माझे तीन मित्र शनिवारी रात्री आठ ते दोन असे सहा तास बीजीएमआय खेळतो. माझा फोन सॅमसंगचा आहे, त्याची बॅटरी 5000 एमएएचची आहे आणि तो 25 वॉटपर्यंत चार्ज होतो. मागच्या महिन्यात बर्डीवरून 20000 एमएएचची एक पॉवर बँक आणली, जिच्या डब्यावर '22.5 वॉट' असे ठळक अक्षरांत छापले आहे. तक्रारी दोन आहेत. फोनवर Super fast charging असे न येता नुसते Fast charging येते, आणि खेळताना ती लावली की पंधरा-वीस मिनिटांत फोनची पाठ एवढी तापते की फ्रेम रेट घसरतो आणि चार्जिंगही पुढे सरकत नाही. मी जास्त वॉटची घ्यायला हवी होती का, की आणखी मोठी? आपापले अनुभव सविस्तर लिहावेत. खेळणे बंद करण्याचा सल्ला घरी रोज मिळतो, तो येथे नको.

मानेवाडा_चौक

मी याच्या उलट सांगेन. जितके वॉट जास्त तितका फोन लवकर मरतो, कारण 65 वॉटची पॉवर बँक तेवढी वीज फोनमध्ये ढकलतेच, मग फोनला ती झेपो वा न झेपो. माझ्याकडे पाच वर्षांपूर्वीची 10 वॉटची साधी पॉवर बँक आहे. ती लावून मी तास-दोन तास आरामात खेळतो, फोन कोमट होतो पण तापत नाही, आणि टक्केवारी फारशी वाढली नाही तरी घसरतही नाही. एवढ्यावर माझे भागते.

सोल्डरगंध

गेली अकरा वर्षे मी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवते, म्हणून थोडे लांबण लावते. मानेवाडा_चौक यांचा अनुभव खरा आहे, त्यांनी दिलेले कारण मात्र खरे नाही. पॉवर बँक काहीही ढकलत नाही. किती घ्यायचे ते फोन ठरवतो आणि 65 वॉटची बँक 25 वॉटच्या फोनला 25 च्या वर देत नाही. तरीही त्यांचा फोन थंड राहतो, कारण खेळताना फोनला लागणारी वीज आणि त्यांच्या बँकेतून येणारी वीज जवळपास सारखी आहे, त्यामुळे बॅटरीत भरायला फारसे उरतच नाही. बॅटरी भरताना जी उष्णता निघते ती त्यांच्या वाट्याला येत नाही.

धंतोलीकर यांच्या डब्यावरच्या 22.5 या आकड्याबद्दल आधी सांगते. पॉवर बँक उलटी करून पाठीवरची बारीक छपाई वाचा. अशा बऱ्याच बँकांमध्ये 22.5 वॉट फक्त चौकोनी ए पोर्टवर मिळतात आणि तेही ठरावीक कंपन्यांच्या फोनलाच. सी पोर्टसमोर बहुधा '9 व्होल्ट, 2.22 अँपिअर' म्हणजे 20 वॉट लिहिलेले आढळेल आणि पीपीएस हा शब्द कुठेच नसेल. सॅमसंगला 25 वॉटसाठी पीपीएस, म्हणजे फोन मागेल तसे व्होल्ट थोडेथोडे बदलून देण्याची सोय, लागते. ते नसले की तो पीडी या यूएसबीच्या साध्या जलद चार्जिंगवर 15 वॉटच्या आसपास थांबतो आणि Fast charging एवढेच दाखवतो. म्हणजे तुमची बँक बिघडलेली नाही, तिला तुमच्या फोनची बोली येत नाही इतकेच.

आता उष्णता. माझ्याकडे केबलच्या मध्ये लावायचे एक छोटे यूएसबी मीटर आहे, ते व्होल्ट, अँपिअर आणि वॉट दाखवते. भाच्याकडे तुमच्यासारखाच फोन आहे, तेव्हा मागच्या आठवड्यात दुकान बंद झाल्यावर त्याला खेळायला बसवले आणि मी मीटर बघत बसले. खोलीत 36 अंश होते. बॅटरी 30 टक्क्यांवर असताना पीपीएस नसलेली बँक लावली, तर पहिली दहा मिनिटे मीटरवर 14 वॉट होते आणि बॅटरीचे तापमान 39 वरून 44 पर्यंत चढले. त्यानंतर फोनने स्वतःच आखडते घेतले आणि मीटर 6 वॉटवर उतरले. त्या गेमला साधारण 5 वॉट लागतात, मग बॅटरीत जायला उरले काय? तुमची टक्केवारी अडकते ती इथे. बॅटरी 45 अंशांच्या जवळ गेली की फोन चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो, आणि त्याच वेळी प्रोसेसरचाही वेग कापतो. 65 वॉटची बँक आणली असती तरी मीटर 6 वरच आले असते.

दुसऱ्या खेपेला पीपीएस असलेली 25 वॉटची बँक लावली आणि गेम बूस्टरच्या सेटिंगमधले Pause USB Power Delivery सुरू केले. यात वीज बॅटरीत न जाता थेट फोन चालवायला वापरली जाते. मीटर 5 ते 6 वॉटच्या दरम्यान राहिले, टक्केवारी जागची हलली नाही आणि पाऊण तासाने बॅटरी 40 अंशांवर होती. फ्रेम रेट शेवटपर्यंत टिकला. हा पर्याय सॅमसंगच्या सगळ्या मॉडेलवर नाही, पीडी चार्जर जोडलेला असावा लागतो आणि बॅटरी 20 टक्क्यांच्या वर असावी लागते, म्हणून फोन पार रिकामा होईपर्यंत वाट पाहू नका.

मग पीपीएसचे 25 वॉट वापरायचे कधी, तर जेवणाच्या सुट्टीत. भाच्याने स्क्रीन बंद करून, कव्हर काढून फोन फरशीवर ठेवला आणि वीस मिनिटांत तो 28 वरून 57 टक्क्यांवर गेला. पाठ गरम झाली खरी, पण तेव्हा प्रोसेसर निवांत असल्यामुळे ती उष्णता एकट्या चार्जिंगची होती आणि लवकर ओसरली. खेळताना फक्त टिकवायचे आणि सुट्टीत भरायचे, असा हिशेब ठेवा.

गोरेवाडा_नेट

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्याकडे रात्री वीज गेली की फोन चालूच असतो, पण वाय-फाय बंद पडते आणि ऐन शेवटच्या वर्तुळात मी बाहेर फेकलो जातो. म्हणून मी 5 व्होल्टचे 12 व्होल्ट करणारी केबल घेऊन पॉवर बँकेवर राउटर चालवला. तासभर चालला, मग बँकेने आपोआप मान टाकली. अशा वेळी 30000 एमएएचची घ्यावी का?

सोल्डरगंध

धागा फोनचा आहे, तरी थोडक्यात सांगते. बँक रिकामी झाली होती की तिचे दिवे लागलेले असतानाच बंद पडली, ते आधी पाहा. दिवे लागलेले असतील तर क्षमता वाढवून उपयोग नाही. राउटरसाठी मिळणारा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या.

काटोलरोड_17

क्षमतेबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी माझा हिशेब मांडतो. मीही 20000 ची बँक घेतली तेव्हा 5000 च्या फोनला चार वेळा भरेल असे गृहीत धरले होते आणि जेमतेम पावणेतीन वेळा भरल्यावर दुकानदाराशी वाद घातला. वाद माझ्याच अंगलट आला. 20000 हा आकडा आतल्या सेलचा, म्हणजे 3.7 व्होल्टचा असतो, त्याचे 74 वॉट-अवर होतात. पाठीवर 'रेटेड कपॅसिटी' म्हणून 5 व्होल्टला 12000 एमएएच लिहिले होते, ते 60 वॉट-अवर झाले. त्यातले काही फोनच्या आत जिरते आणि हाती बावन्नच्या आसपास लागतात. माझा फोन पूर्ण भरायला 19 लागतात, म्हणजे पावणेतीन बरोबरच होते.

धंतोलीकर यांना तासाला 5 याप्रमाणे सहा तासांचे 30 वॉट-अवर लागतील. फोन 100 वरून 20 वर येईपर्यंत त्यातले पंधरा फोन स्वतःच देतो. उरलेल्या पंधरासाठी 10000 ची चांगली बँकही पुरते, कारण ती पंचवीस-सव्वीस देते. 20000 ची गरज भासते ती सोबतचे तिघेही तिच्याच जिवावर बसले असतील तरच, आणि तेव्हा दोन पोर्ट एकदम वापरले की वॉट वाटले जातात हे पाठीवरच्या तक्त्यात पाहून घ्यावे. 20000 ची बँक हातात घेतल्यावर पाव किलोपेक्षाही हलकी लागली, तर मी ती परत ठेवतो.

डिकीवाली

माझा अनुभव खेळण्याचा कमी आणि निष्काळजीपणाचा जास्त आहे. भावाची पॉवर बँक मी गाडीच्या डिकीत टाकली आणि दुपारी बर्डीच्या पार्किंगमध्ये तीन तास गाडी उन्हात उभी राहिली. घरी आणून टेबलावर ठेवली तर ती पाळण्यासारखी डुलायला लागली. मधली शिवण एका बाजूने उघडली होती आणि नख आत जात होते. ती चार्ज मात्र होत होती, त्यामुळे भाऊ म्हणाला की चालू आहे तोवर वापरू. बाबांनी ती गच्चीवर कोरड्या कुंडीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. नवी घेतल्यावर भाऊ खेळताना ती गादीवर ठेवतो, त्यावरून आमचे अजून वाद होतात.

मानेवाडा_चौक

गादीबद्दल सहमत आहे, आणि कूलरसमोर ठेवणेही मला पटत नाही. ताट्यांवरून येणारी हवा ओली असते आणि आमच्या कूलरमधून तर तुषारही उडतात. फोन आणि बँक मी बाजूच्या फरशीवर ठेवतो. सोल्डरगंध यांचे 'ढकलत नाही' हे मान्य. पण सतत वायर लावून खेळल्याने पोर्ट सैल होतो, हे तरी खरे ना?

सोल्डरगंध

होतो, विशेषतः आडवा फोन धरताना प्लग तळहातावर दाबला जातो तेव्हा. काटकोनातल्या प्लगची केबल घेतली तर ताण कमी पडतो. मात्र खेळताना पॉवर बँक स्वतःही भिंतीवरच्या चार्जरला लावून ठेवावी की नाही, यावर माझे आणि माझ्या दुकानातल्या मुलाचे एकमत नाही. मी दोन बँका त्यात फार तापलेल्या पाहिल्या आहेत, तो तीन वर्षे तसेच करतो आहे आणि त्याच्या बँकेला काही झालेले नाही.

धंतोलीकर

पाठीवर वाचले. सी पोर्टसमोर 9 व्होल्ट 2.22 अँपिअरच आहे, पीपीएस नाही. ही बँक बहिणीला दिली, तिचा फोन तसाही 18 वॉटचा आहे. काल पीपीएस असलेली 10000 ची बँक आणली. Pause USB Power Delivery माझ्या फोनमध्ये मात्र सापडले नाही, म्हणून काल रात्री दर तासाला दहा मिनिटे खेळ थांबवून, कव्हर काढून चार्ज केला. दोन वाजता फोन 46 टक्क्यांवर होता आणि बँकेचा शेवटचा दिवा अजून लागलेला होता. फ्रेम रेट एकदाच घसरला, साडेबाराला, जेव्हा कूलरमधले पाणी संपले होते.