मदत हवी: डेडलिफ्टच्या चौथ्या रेपला लघवी निसटते

रानजाई: वय ३८, दोन नॉर्मल बाळंतपणं, धाकटा सहा वर्षांचा. डेडलिफ्ट ८० किलो, पाचचे चार सेट. ६५ पर्यंत काही त्रास नाही. ८० ला तीन रेप्स कोरडे जातात, चौथ्याला थेंब निसटतात. स्क्वॉटला कधीच नाही. बेल्ट घट्ट लावते, श्वास भरून रोखते. वजन किती कमी करू?

सातारकर: ताई, केगल करा, दिवसाला शंभर. आणि श्वास रोखूच नका, उचलताना सोडा.

पोलादी: सातारकर, निम्मं पटलं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कमजोर असतील तर केगलने फरक पडतो. पण काहींचे ते आधीच सतत आवळलेले असतात, मग आणखी आवळून थकतात आणि ऐन वेळी कामाला येत नाहीत. कुठला प्रकार आहे ते पेल्विक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्टने तपासल्यावरच कळतं. हलक्या वजनाला श्वास सोडत उचलणं ठीक. जड वजनाला पोटातला आधार सुटतो आणि कंबरेवर येतं.

रानजाई, ८० चेच पहिले तीन कोरडे जातात, त्यामुळे मला वजनापेक्षा थकव्याचा आणि श्वासाचा संशय जास्त. चौथ्यापर्यंत घाईत श्वास वरच्यावर छातीत भरला जातो, पोट बेल्टवर ढकललं जातं आणि दाब खाली जातो. आरशात बाजूने बघा, खांदे कानाकडे उचलले जात असतील तर हेच.

एकूण २० रेप्स तेवढेच ठेवा, फक्त तुकडे करा: ७५ किलो, दोनचे दहा सेट, मध्ये दीड मिनिट. प्रत्येक रेपनंतर बार जमिनीवर पूर्ण टेकवा, श्वास सोडा, मग बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीत भरा. छाती फुटेस्तोवर नको, पाऊण भरला की पुरे. बार गुडघ्यांवरून गेला की हळूहळू सोडत उभ्या राहा. बेल्ट एक भोक सैल. थेंब आला की तो सेट तिथेच संपवा. दोन आठवडे कोरडे गेले की तीनचे सात सेट, तेही जमले की ८० वर परत दोनपासून. जिमला निघताना उगाच चार वेळा बाथरूमला जाऊ नका, पाणीही तोडू नका. नाहीतर सुधारणा खरी की मूत्राशय रिकामं म्हणून, कळणार नाही.

कृष्णाकाठ: मला थेंब नाही, पण स्क्वॉटनंतर खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटतं, संध्याकाळी वाढतं. हाच प्लॅन करू?

पोलादी: नको. अंग उतरल्याची शक्यता आहे, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. तोवर ज्या वजनाला जडपणा येत नाही त्याच्या वर जाऊ नका.

लोहगड: बेल्टचं मला पटत नाही. काहींना घट्ट बेल्टनेच थेंब थांबतो.

पोलादी: होतं तसंही. म्हणून ७० किलोवर एकाच दिवशी तीन सेट करा: घट्ट, सैल, बिनबेल्ट. फक्त क्रम दर आठवड्याला बदला, नाहीतर शेवटच्या सेटचा थकवा बेल्टच्या नावावर जमा होईल.

रानजाई: ७० ला मला काहीच होत नसेल तर?

पोलादी: मग ७५ ला, पण दोनच रेप्स.