मध्यक म्हणजे नक्की कुठला?

वृषाली (दांडिया बाजार, वडोदरा): नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी संख्याशास्त्राची छोटी शब्दसूची करतेय, मराठी-गुजराती दोन्ही. मीडियनला मी 'मध्यक' लिहिलं, तर गुजराती शाळेतल्या निम्म्या मुलींनी सगळे आकडे मिळवून भागाकार केला! त्यांच्याकडे मध्यक म्हणजे मीन, आणि मीडियन म्हणजे 'मध्यस्थ'. आता काय लिहू?

नाना: मध्यस्थ? तो तर लग्नं जमवतो. शुद्ध मराठीत मीनला मध्य, मीडियनला मध्यक. त्यात बदल नको. याच शहरात 1931 साली सयाजीरावांनी शासनशब्दांचा बहुभाषी कल्पतरू काढला, अन् आपण एका शब्दाला अडायचं?

केतन: सोपं आहे ताई. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घ्या, दोहोंच्या बरोबर मधे येतो तो मीडियन.

सुनंदा मावशी (निवृत्त मेट्रन): नाही रे बाबा. वॉर्डाचंच उदाहरण घे. रजिस्टरमध्ये सात पेशंटांचे मुक्कामाचे दिवस आहेत: 5, 2, 27, 3, 6, 2, 4. तुझ्या रीतीने साडेचौदा येतील. आधी चढत्या क्रमाने लाव: 2, 2, 3, 4, 5, 6, 27. चौथा, म्हणजे 4, हा मीडियन. बेरीज 49, म्हणून सरासरी 7. पण सात दिवस राहिलेला एकही पेशंट त्यात नाही. मधुमेहाने पाय चिघळलेला तो 27वाला एकटा सरासरी वर ओढतो. मुली चुकतात ते क्रम न लावता. रजिस्टरमधला चौथा धरला की 3 येतो.

हेमा: माझ्या आईचं बीपी दिवसातून तीनदा मोजतो. त्याचं मध्यक काढायचं का? डॉक्टर नुसतं 'जास्त आहे' म्हणतात.

सुनंदा मावशी: हेमा, ते वहीत वेळेसकट लिहून डॉक्टरांना दाखव. वृषाली, आणखी एक गोष्ट सूचीत घाल. तो 27वाला अजून वॉर्डातच असेल तर सरासरी निघणारच नाही, कारण त्याचा शेवटचा आकडाच माहीत नाही. मीडियन मात्र 4च राहतो. तो कधीही घरी गेला तरी रांगेत शेवटीच.

वृषाली: हे भारी आहे मावशी! मग मीनला 'सरासरी' लिहिते, गुजरातीत 'सरेराश' आहेच, मुली लगेच ओळखतील. मीडियनला 'मधला आकडा'?

नाना: आठ पेशंट असले की मधले दोन. मग कुठला 'मधला आकडा'?

सुनंदा मावशी: दोघांची बेरीज करून अर्धी करायची. पण नाना, नावाबद्दलची हरकत खरी आहे.

केतन: मीडियनच लिहा ना. परीक्षेत तेच येणार.

नाना: मग सूची कशाला? आणि 'पेशंट' काय, 'रुग्ण' लिहा.

वृषाली: गुजराती मुली 'दर्दी' म्हणतात.

नाना: दर्दी! अहो, दर्दी गाण्याचे असतात.

हेमा: आमचे हे दोन्ही आहेत. गुडघ्याचेही आणि नाट्यसंगीताचेही.