जुनी ५० मिमी लेन्स घ्यायची आहे, विक्रेत्याकडे कंपनीचेच फोटो आहेत: नेमके कोणते फोटो मागावेत?

अनुजा_प
मला हाताने फोकस करायची, ॲपर्चरचे कडे असलेली जुनी ५० मिमी एफ १.८ लेन्स घ्यायची आहे. नव्या लेन्सच्या निम्म्याहून कमी खर्च करायचा, हे ठरलेले आहे. एका विक्रेत्याच्या जाहिरातीत पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे तीन झकास फोटो आहेत, परंतु शोध घेतल्यावर तेच फोटो उत्पादकाच्या जुन्या माहितीपत्रकात सापडले. विक्रेता म्हणतो की वस्तू अगदी तशीच आहे. मी त्याच्याकडे कोणत्या कोनांतून काढलेले फोटो मागावेत?

सरळरेषा
फोटो मागण्यात वेळ घालवू नका. त्याच लेन्सने काढलेले दोन नमुना फोटो मागवा. चित्र स्वच्छ आले, तर लेन्स स्वच्छ आहे, एवढे पुरेसे आहे. मी स्वतः अशाच तीन लेन्स घेतल्या आणि एकदाही फसलो नाही.

नवेच_घ्या
जुन्या वस्तूंच्या भानगडीत पडण्यापेक्षा थोडे पैसे वाढवून ऑटोफोकसची नवी लेन्स घ्या. हमीपत्र मिळते आणि असले फोटो मागावे लागत नाहीत. माझ्याकडे आता अशा चार आहेत.

अनुजा_प
खर्चाची मर्यादा मी पहिल्याच संदेशात लिहिली आहे.

भिंगवाला_दादा
ताई, मी अनेक वर्षे लेन्स उघडून साफ करण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कंपनीचा फोटो तुम्हाला मॉडेल दाखवतो, तुमची वस्तू नव्हे. पुष्कळदा तो मॉडेलसुद्धा नीट दाखवत नाही, कारण एकाच नावाची लेन्स वर्षानुवर्षे बनत राहते, मध्येच काचेवरचा लेप किंवा मागचे माउंट बदलते, आणि फोटो नंतरच्या आवृत्तीचा असला तरी हातात पहिली आवृत्ती येऊ शकते.

म्हणून पहिला फोटो ओळखीचा मागा. कागदाच्या चिठ्ठीवर आजची तारीख आणि तुमचे नाव हाताने लिहायला सांगा, आणि तीच चिठ्ठी व लेन्सवरचा अनुक्रमांक एकाच चौकटीत वाचता येतील असा फोटो घ्यायला सांगा. मग पुढच्या प्रत्येक फोटोत तोच अनुक्रमांक किंवा तीच एखादी खूण दिसते का, ते ताडून पाहा.

खरा फोटो मात्र दुसराच आहे. समोरून, फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत काच बहुधा निर्मळ दिसते, कारण प्रकाश पृष्ठभागावरून उलटून येतो आणि आतले फारसे उजळत नाही. ॲपर्चर पूर्ण उघडे करा, मागच्या बाजूने टॉर्च तिरपी धरा, पार्श्वभूमीला काळे कापड किंवा अंधारी खोली ठेवा, आणि फोनच्या पडद्यावर बोट टेकवून फोकस कड्यावर न ठेवता आतल्या काचेवर घ्यायला सांगा. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, बहुधा कडेकडून आत सरकणारे. धूसरपणा असेल तर दुधासारखा पडदा दिसतो. चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्या असतील तर कडेला इंद्रधनुषी पट्टा दिसतो. तोच फोटो उलट दिशेनेही, म्हणजे पुढून टॉर्च आणि मागून फोन, असा मागा. मागच्या काचेवरचा ओरखडा चित्रावर पुढच्या ओरखड्यापेक्षा अधिक परिणाम करतो.

सरळरेषा
पण नमुना फोटोत बुरशी दिसलीच असती ना?

भिंगवाला_दादा
थोडी बुरशी असेल तर बहुधा दिसत नाही, कारण कडेवरचे धागे तेवढे फोकसमध्ये येत नाहीत. फक्त उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत चित्र किंचित फिकट पडते. म्हणून नमुना मागायचाच असेल, तर खिडकी किंवा दिवा चौकटीत ठेवून काढलेला मागा. तुमच्या म्हणण्यात तेवढा अर्धा भाग बरोबर आहे.

काचेचीधूळ
टॉर्चच्या फोटोत एक कण जरी दिसला तरी ती लेन्स सोडून द्या. मी एकदा दुर्लक्ष केले आणि आजतागायत पस्तावतो आहे.

भिंगवाला_दादा
या नियमाने तुम्हाला एकही जुनी लेन्स घेता येणार नाही. मागून टॉर्च धरली की चार धूलिकणही तारांगणासारखे दिसतात. सुटे ठिपके सोडून द्या. मला चिंता धाग्यांची, एकसंध पडद्याची आणि पात्यांवरच्या तेलाची वाटते.

मृण्मयी_क
तेलाचे कसे ओळखायचे? माझ्या लेन्सची पाती कोरडी दिसत होती, तरी थंडीत अडकली. त्या विक्रेत्याने मला फक्त एकच फोटो दिला होता आणि त्यात ॲपर्चर पूर्ण उघडे होते.

भिंगवाला_दादा
उघड्या ॲपर्चरमध्ये पाती कड्याआड लपतात, म्हणूनच तुम्हाला काही दिसले नाही. ॲपर्चर एफ ८ किंवा एफ ११ वर ठेवून, टॉर्च पुढून तिरपी धरून फोटो मागायला हवा होता. तेल असेल तर पात्यांवर ओलसर, काळसर चमक दिसते. पाती अडकतात की नाही हे फोटो सांगत नाही. त्यासाठी कडे शेवटपर्यंत फिरवतानाचा छोटा व्हिडिओच लागतो. काही मॉडेलांमध्ये कडे फिरवले तरी, मागचा खटका दाबल्याखेरीज पाती हलत नाहीत, म्हणून व्हिडिओत तो खटकाही दिसायला हवा.

सुटकेस
मला माझी जुनी लेन्स विकायची आहे. तिचे फोटो छान येण्यासाठी प्रकाश कुठून घ्यावा? पांढरे कापड चालेल का?

काचेचीधूळ
आपण वेगळा धागा काढा. येथे खरेदीची चर्चा चालू आहे.

मृण्मयी_क
दादांच्या यादीत मी दोन गोष्टी घालते. पुढच्या आट्यांचा फोटो अगदी सरळ समोरून मागा, कारण पडलेल्या लेन्सचे गोल कडे एका बाजूला किंचित चपटे होते आणि तिरक्या कोनात ते ओळखू येत नाही. दुसरा, मागच्या माउंटवरच्या स्क्रूंचा जवळून काढलेला फोटो. माझ्या लेन्सच्या स्क्रूंच्या खाचा चुरगळलेल्या होत्या, म्हणजे कोणीतरी ती उघडली होती, आणि हे मला नंतर कळले. शिवाय फोटो संदेश-ॲपवर नेहमीच्या पद्धतीने न पाठवता फाइल म्हणून मागा. नाहीतर ते आकसून येतात आणि बारीक धागे पुसले जातात.

भिंगवाला_दादा
उघडणे हा स्वतःहून दोष नाही, मीही उघडतोच; चुरगळलेली खाच मात्र घाईचा पुरावा आहे.

अनुजा_प
पहिल्या विक्रेत्याने चिठ्ठीचा फोटो द्यायचे टाळले, "विश्वास ठेवा" म्हणाला आणि दोन दिवसांनी उत्तर देणेच बंद केले. दुसऱ्याने सात फोटो पाठवले. चिठ्ठी आणि अनुक्रमांक जुळतात, आटे गोल आहेत, स्क्रू नीट आहेत, पाती कोरडी दिसतात. टॉर्चच्या फोटोत मात्र घड्याळात चारच्या जागी, अगदी कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा धाग्यांचा पुंजका आहे.

भिंगवाला_दादा
ती बुरशी आहे. कोणत्या काचेच्या कोणत्या पृष्ठभागावर आहे, ते एका फोटोवरून सांगता येत नाही. टॉर्च आणि फोन तसेच ठेवून लेन्स थोडी वळवत तीन फोटो मागा. पुंजका पुढच्या काचेच्या तुलनेत किती सरकतो, यावरून खोलीचा अंदाज येतो. चिकटवलेल्या काचांच्या मध्ये असेल तर सोडून द्या, कारण तेथे पोहोचणे जवळजवळ अशक्य आहे. मोकळ्या पृष्ठभागावर असेल तर साफ होते, पण धाग्यांनी लेप खाल्ला असल्यास खूण उरते.

काचेचीधूळ
घेऊ नका. तुमच्या बाकीच्या लेन्सनाही लागेल.

मृण्मयी_क
असे मीही ऐकले होते. पण बीजाणू हवेत असतातच, वाढ होते ती दमटपणात.

काचेचीधूळ
मी माझा धोका पत्करणार नाही, एवढेच.

अनुजा_प
फिरवून काढलेले फोटो आले. पुंजका पुढच्या काचेबरोबरच सरकतो, त्यामुळे तो पहिल्या काचेच्या आतल्या बाजूला असावा, असे मी धरते. विक्रेत्याने किंमत उतरवली आहे. तुम्हा सर्वांचे ऐकूनही मी ती घेत आहे. दमट हवेत राहू नये म्हणून सिलिका जेलसह वेगळ्या डब्यात ठेवेन.

भिंगवाला_दादा
डब्यात ठेवण्याआधी हातात आल्याबरोबर तीच टॉर्च त्याच कोनात धरून स्वतः एक फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा काढलात, म्हणजे पुंजका वाढला की नाही ते कळेल.

सरळरेषा
आणि उजेडाकडे तोंड करून काढलेला एक नमुनाही येथे टाका, म्हणजे माझे चुकले की नाही ते मलाही पाहता येईल.